तीन इमोजी आणि चार अर्थ: एका पिग्मी एजंटच्या अबाउट ओळीचं प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे प्रकरण आहे. संबंधितांच्या संमतीने लिहिलं आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणं घेताना ते माझ्यापर्यंत आलं. त्यातल्या चारही बाजूंशी मी बोललो, म्हणून एकच गोष्ट चौघांना कशी दिसली ते जरा तपशिलात मांडता येतंय.

## पार्श्वभूमी

वंदनाताई एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंट. बाजारपेठेतून रोज सकाळी फेरी मारायची, दुकानदारांकडून पन्नास, शंभर, दोनशे रुपये घ्यायचे, हातातल्या मशीनवर पावती फाडून द्यायची आणि दुपारी शाखेत भरणा करायचा. पगार नाही, कमिशन. त्यामुळे बाजारपेठेशी असलेली ओळख हेच त्यांचं भांडवल. दुकानदारांकडे संस्थेच्या शाखेचा नंबर नसेल, पण ‘वंदनाताई पिग्मी’ या नावाने त्यांचा नंबर हमखास असतो. आणि हा नंबर त्यांचा एकुलता एक आहे. माहेर, सासर, मुलाची शाळा, शाखा, व्यापाऱ्यांचा ग्रुप, सगळं त्याच एका व्हॉट्सअ‍ॅपवर.

घरात दोन भावांच्या जमिनीच्या वाटणीचा वाद बरीच वर्षं चालू होता. शेवटी दोन्ही घरं संमतीने वाटणीला तयार झाली. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज गेला आणि एका मंगळवारी दुपारी आदेशाची प्रत हातात पडली. तारखा संपल्या. रात्री जेवणं झाल्यावर वंदनाताईंनी अबाउटमधली ओळ पुसून तिथे 🔚🕊️🙏 असे तीन इमोजी टाकले. तेच तीन गडद रंगाच्या पार्श्वभूमीवर स्टेटसलाही ठेवले. गडद रंग का, तर त्यावर चित्रं उठून दिसतात. त्यांच्या मनातला अर्थ सरळ होता: संपलं, आता शांती, देवाची कृपा. शब्द मुद्दाम लिहिले नाहीत. घरचा विषय चारचौघांत कशाला उघड करायचा, हा त्यामागचा विचार.

इथे अबाउट आणि स्टेटस यांतला फरक सांगायला हवा, कारण पुढचं बरंचसं त्यावरच घडलं. व्हॉट्सअ‍ॅप २००९ मध्ये सुरू झालं तेव्हा मूळ कल्पनाच अशी होती की फोनबुकमधल्या प्रत्येक नावापुढे त्या माणसाची अवस्था दिसावी: कामात आहे, व्यायामशाळेत आहे, बॅटरी संपत आलीय. आजची अबाउट ओळ म्हणजे त्याच कल्पनेचा उरलेला भाग. फेब्रुवारी २०१७ मध्ये चोवीस तासांनी नाहीसं होणारं स्टेटस आलं, तेव्हा ही ओळ काढून टाकली होती. लोकांनी कुरकुर केल्यावर मार्चमध्ये ती अबाउट म्हणून परत आली. स्टेटस बघायला त्यावर बोट ठेवावं लागतं. अबाउट मात्र कुणी बघायला गेलं नाही तरी दिसतं. नवीन मेसेज पाठवण्यासाठी संपर्कांची यादी उघडली की नावाखाली तीच ओळ असते, ग्रुपच्या सदस्यांच्या यादीतही असते. ती कधी टाकली हे त्या यादीत कळत नाही, आणि बदलली तर कुणाला सूचनाही जात नाही.

## काय घडलं

बुधवारी पहाटे डोंबिवलीहून मावशीचा फोन. “वंदे, सासऱ्यांचं काही बरंवाईट झालं का गं?” सासरे वर्षभर अंथरुणाला खिळलेले. मावशीला दिसली ती गडद पाटी, तिच्यावर जोडलेले हात आणि उडणारा पांढरा पक्षी. तिच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी जवळपास याच रूपात येते, फक्त सोबत 💐 असतो. शब्द नाहीत म्हणजे पोरीला लिहायचं सुचलं नसेल, असा तिने अर्थ लावला. हा गैरसमज दोन मिनिटांत मिटला, कारण मावशीने थेट विचारलं. बाकीच्या तिघांनी लगेच विचारलं नाही.

फेरीत पहिल्या किराणा दुकानदाराने “ताई, आजचं राहू द्या” म्हटलं. असं होतं कधी कधी. पुढे स्टेशनरीवाल्याने विचारलं, माझ्या खात्याची मुदत कधी संपते, आणि आधी मोडलं तर किती कापतात. सलूनवाल्यापाशी उलगडा झाला. आज दुकान उशिरा उघडणार हे कळवायला आदल्या रात्री त्याने ताईंचं नाव शोधलं होतं. त्याने फोन पुढे केला. पांढऱ्या पडद्यावर ती ओळ इतकी बारीक दिसत होती की कबुतर जवळजवळ गायब झालं होतं. उरलं होतं ते डावीकडे जाणारा बाण आणि त्याखाली ठळक ‘END’, आणि शेवटी नमस्कार. “बंद पडतीय का काय संस्था?” त्याने विचारलं.

हा प्रश्न हास्यास्पद नव्हता. शेजारच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेत ठेवी अडकल्याची चर्चा त्या बाजारात महिनाभर चालू होती. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं, हे दुकानदारांना आता चांगलं ठाऊक झालंय. अशा वेळी जो माणूस रोज पैसे गोळा करून नेतो, त्याच्याच नावाखाली ‘END’ आणि निरोपाचा नमस्कार दिसला तर पोटात गोळा येणारच.

तिसरा अर्थ शाखाधिकाऱ्यांनी लावला. त्यांनी रात्री स्टेटस पाहिलं आणि ताई काम सोडतायत असं धरलं. महिन्यापूर्वी कमिशनवरून थोडी बाचाबाची झाली होती, तिची ही परिणती त्यांना वाटली. सकाळी त्यांनी ताईंना फोन न करता क्लार्कला सांगितलं की ताईंच्या पावत्या आणि भरणा एकदा ताडून बघ. क्लार्कने ते चहाच्या टपरीवर कुणाला तरी सांगितलं. म्हणजे दुपारपर्यंत बाजारात दोन बातम्या होत्या आणि त्या एकमेकींना दुजोरा देत होत्या: ताईंनी ‘END’ लिहिलंय, आणि शाखेत त्यांचा हिशोब तपासायला घेतलाय.

चौथा अर्थ थोरल्या जाऊबाईंचा. आपल्याकडे स्टेटस हे निम्म्या वेळा कुणाला तरी ऐकवण्यासाठीच असतं, त्यामुळे ते आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटायला फार काही लागत नाही. वाटणी झाली त्याच रात्री धाकटीने उडणारा पक्षी ठेवला, याचा त्यांच्या लेखी अर्थ एकच: आमच्यातून सुटली.

वंदनाताईंना रात्री ही शंका आली नव्हती असं नाही. त्यांनी स्टेटस कुणी पाहिलं त्याची यादी उघडून बघितली होती. जाऊबाईंचं नाव त्यात नव्हतं, म्हणून स्टेटस तसंच राहू दिलं. पण जाऊबाईंनी वाचल्याची खूण, म्हणजे निळ्या टिकांची सोय, बंद करून ठेवलेली होती. ती बंद असली की आपण पाहिलेल्या स्टेटसच्या यादीत आपलं नाव लागत नाही. यादीत नाव असेल तर त्या माणसाने पाहिलंय हे पक्कं. नाव नसेल तर काहीच पक्कं नाही.

## अडचण नेमकी कुठे होती

‘इमोजीचा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावतो’ एवढं म्हणून हे प्रकरण संपत नाही. त्याच शाखेच्या क्लार्कच्या अबाउटमध्ये कायम 🚩 असतो आणि त्याबद्दल गावात कुणी कधी काही विचारलेलं नाही. भगवा झेंडा, शिवजयंती, वारी, यांपैकी काही तरी. गावाला तो अर्थ पाठ आहे. (त्याचाच पुण्यात आयटी कंपनीत असलेला भाऊ मात्र हाच झेंडा ऑफिसच्या ग्रुपवर ‘सावध राहा’ या अर्थाने रोज बघतो.) दिवाळीत 🪔 टाकलं तर कुणाची मुदत ठेव धोक्यात येत नाही. या चिन्हांचा प्रसंग सगळ्यांना आधीच माहीत असतो.

🔚 आणि 🕊️ यांचं तसं नाही. काहीतरी संपलं आणि कुणीतरी मोकळं झालं, एवढंच ती सांगतात. काय संपलं आणि कोण मोकळं झालं या दोन जागा रिकाम्या राहतात. वाचणारा त्या आपल्या मनातल्या सगळ्यात ताज्या काळजीने भरतो. मावशीला सासऱ्यांच्या तब्येतीची काळजी, दुकानदाराला ठेवीची, साहेबांना एजंट हातचा जाण्याची, जाऊबाईंना वाटणीनंतर लोक काय म्हणतील याची. चौघांनाही तीच तीन चित्रं दिसली आणि चौघांनीही आपलीच काळजी वाचली.

त्यात ही चित्रं अबाउटमध्ये होती. स्टेटसच्या वर निदान ‘काल रात्री ९:१०’ अशी वेळ दिसते, आगेमागे आणखी काही फोटो असले तर संदर्भ लागतो. अबाउटची ओळ नावाला चिकटलेली असते. दुकानदाराच्या फोनमध्ये ती ‘वंदनाताई पिग्मी’ या अक्षरांच्या बरोब्बर खाली आली. म्हणजे वाक्यच तयार झालं: वंदनाताई पिग्मी, END.

## पर्याय

बुधवारी दुपारी भरणा करायला ताई शाखेत पोचल्या, तेव्हा साहेब आणि त्या प्रथमच समोरासमोर बोलल्या. चार गोष्टी चर्चेत आल्या.

सगळं पुसून गप्प बसायचं, हा ताईंचा पहिला विचार. पण ज्यांनी पाहिलं होतं त्यांना ते गायब झालेलंही दिसलं असतं, आणि चर्चा चालू असताना पुसलेलं स्टेटस हे कबुलीसारखं दिसतं. शिवाय पडद्याचा फोटो कुणी घेतला असेल तर तो ताईंना कळणार नव्हता.

दुसरा विचार, स्टेटसवर सविस्तर खुलासा टाकायचा. यात घरची वाटणी बाजारात नेण्याचा धोका होता आणि जाऊबाईंच्या दृष्टीने तो दुसरा टोमणा ठरला असता.

तिसरा साहेबांचा. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर संस्थेच्या लेटरहेडवर पत्र टाकायचं, ‘संस्था भक्कम आहे, अफवांवर विश्वास ठेवू नये’. मसुदा लिहूनही झाला होता. तो वाचून जुन्या कॅशियरने एक प्रश्न विचारला: ग्रुपात किती जणांनी ही अफवा ऐकलीय? अंदाज सात-आठ जणांचा होता, आणि ग्रुपात दीडशेच्या वर माणसं. पत्र टाकलं असतं तर उरलेल्यांना अफवा संस्थेनेच कळवली असती. पत्र थांबलं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच, आणि तो साहेबांचा नव्हता.

चौथा पर्याय कष्टाचा होता: ज्यांच्या मनात शंका आलीय त्यांच्याकडे स्वतः जायचं.

## प्रत्यक्षात काय केलं

अबाउट ताबडतोब बदललं. तिथे १३९ अक्षरांची मर्यादा असते, पण एवढं पुरलं: ‘दैनिक ठेव संकलन, सोम ते शनि, सकाळी ९ ते १’. इमोजी एकही नाही. स्टेटस मुद्दाम पुसलं नाही, रात्री आपोआप गेलं. तोवर त्याच्यापुढे साध्या शब्दांत एक ओळ टाकली: ‘घरचं जुनं काम मार्गी लागलं, सर्वांचे आभार’. कुठलं काम ते लिहिलं नाही. काळजीचं कारण जाण्यापुरतं त्यात होतं, खाजगी काही नव्हतं.

पण अबाउट बदलून बाजाराला काही कळत नाही, कारण बदलाची सूचना जात नाही आणि एकदा वाचलेली ओळ कुणी परत बघायला जात नाही. त्यामुळे गुरुवारची फेरी महत्त्वाची होती. ताई नेहमीच्या वेळी, नेहमीच्या रस्त्याने गेल्या. ज्यांनी विचारलं त्यांनाच उत्तर दिलं. सलूनवाल्याला म्हणाल्या, “घरच्या तारखा संपल्या दादा, त्याचं ते चिन्ह. संस्थेचा काय संबंध?” तो हसला आणि मागच्या दिवसाचे पैसेही दिले. स्टेशनरीवाल्याला त्यांनी खातं मोडू नका असं सांगितलं नाही. मुदतीची तारीख आणि आधी मोडल्यास होणारी कपात कागदावर लिहून दिली. ठेवीदाराला पैसे काढण्यापासून परावृत्त करणं अशा वेळी फार वाईट दिसतं. मागितल्यावर पैसे मिळतात हे दिसणं हाच खरा दिलासा असतो.

साहेबांनी पावत्या ताडण्याचं काम थांबवलं नाही, पण ते सगळ्याच एजंटांचं करायला सांगितलं आणि ते महिनाअखेरीचं काम आहे असं शाखेत जाहीर केलं. हे अर्धसत्य होतं. मला ते पटलं नाही. काम थांबवून क्लार्कला कारण सांगणं अधिक सरळ झालं असतं.

जाऊबाईंकडे ताई संध्याकाळी पेढे घेऊन गेल्या. तिथला संवाद दोघींनीही मला जवळजवळ सारखाच सांगितला.

“तारखा संपल्या म्हणून टाकलं ताई, तुमच्यावर नाही.”

“मग पाखरू कशाला? उडून गेलं एकदाचं, असंच ना?”

“शांतीचं असतं ते.”

“आम्ही काय अशांती होतो?”

या प्रश्नाला ताईंकडे उत्तर नव्हतं. पेढे घेतले गेले, चहा झाला, विषय तिथेच राहिला.

## निष्पत्ती

पुढच्या पंधरवड्यात त्या फेरीतली तीन खाती मुदतीआधी मोडली गेली. त्यातलं एक मुलीच्या प्रवेशाच्या फीसाठी होतं, म्हणजे तसंही मोडलं गेलं असतं. उरलेल्या दोन दुकानदारांनी कारण दिलं नाही. त्यामुळे इमोजीमुळे संस्थेचं नेमकं किती नुकसान झालं हे सांगता येत नाही. किराणावाल्याने चार दिवसांनी पुन्हा पैसे द्यायला सुरुवात केली. काम सोडण्याची चर्चा मात्र ताईंच्या फायद्याची ठरली: त्या खरंच जातील या भीतीने साहेबांनी कमिशनचा रखडलेला विषय वरिष्ठांकडे पाठवला.

जाऊबाईंनी महिन्याभराने स्वतःच्या स्टेटसला 🕊️😌 ठेवलं. ते कुणासाठी होतं हे ताईंनी विचारलेलं नाही.

## काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यांत स्वस्त उपाय साहेबांच्या हातात होता. स्टेटसला उत्तर दिलं की ते थेट त्या माणसाच्या खाजगी चॅटमध्ये जातं. ‘काय संपलं ताई?’ एवढे तीन शब्द रात्रीच लिहिले असते तर हिशोब तपासण्याची बातमी जन्मालाच आली नसती. हाताखालच्या माणसाच्या स्टेटसवरून निष्कर्ष काढायचा असेल, तर तो तिसऱ्या माणसाला सांगण्याआधी त्याच माणसाला विचारावा, हे आता त्या शाखेत तोंडी का होईना ठरलंय.

ताईंच्या बाजूने पाहिलं तर गोपनीयतेची सेटिंग मदतीला आली असती का? अर्धवट. अबाउट कुणाला दिसावं हे ठरवता येतं, पण ‘माझे संपर्क’ निवडून उपयोग नव्हता, कारण दुकानदारही संपर्कातच आहेत. ‘My contacts except…’ मध्ये एकेका दुकानदारावर खूण करत बसावं लागतं, आणि उद्या नवीन खातेदाराचा नंबर जतन केला की तो आपोआप आतल्या लोकांत येतो. स्टेटससाठी ‘Only share with…’ बरं पडतं, कारण त्यात घरची दहा-पंधरा माणसं एकदा निवडली की नवीन माणूस आपण घेतल्याशिवाय आत येत नाही. पण हे टाकण्याआधी करावं लागतं. टाकून झालेल्या स्टेटसला नवी सेटिंग लागू होत नाही. आणि जाऊबाई घरच्याच आहेत, त्या तर यादीत असणारच. त्यांना वगळलं असतं आणि ते पुतण्याच्या फोनवर त्यांना दिसलं असतं, तर ते पाखरापेक्षा वाईट झालं असतं.

कामाचा नंबर वेगळा करणं हा टिकाऊ उपाय. दुसऱ्या सिमवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस त्याच फोनमध्ये चालतं, त्यात कामाच्या वेळा आणि पत्ता लिहायला स्वतंत्र जागा असते. ताईंनी तो विचार केला आणि सोडून दिला. दर महिन्याचं रिचार्ज कोण भरणार हा एक प्रश्न. दुसरा जास्त अवघड: बाजारपेठेला ‘वंदनाताई पिग्मी’ आणि घरच्या वंदनाताई वेगळ्या नकोच आहेत. ज्या बाईच्या घरचं सुखदुःख आपल्याला कळतं, तिच्या हातात लोक रोज शंभराची नोट देतात. मुलाच्या दहावीच्या निकालाचं स्टेटस सलूनवाल्याला दिसावं हे त्यांच्या धंद्याला हवंच आहे.

म्हणून त्यांनी स्वतःपुरता एक नियम केलाय. अबाउटमध्ये इमोजी नाही, तिथे फक्त वेळा. स्टेटसला इमोजी चालेल, पण सोबत काय झालं ते सांगणारे दोन शब्द हवेत. वाटणीच्या रात्री ‘तारखा संपल्या 🙏’ एवढं लिहिलं असतं तर मावशी, साहेब आणि सलूनवाला तिघंही निवांत झोपले असते. जाऊबाईंचं काय झालं असतं हे मी दोघींनाही विचारलं. ताई म्हणाल्या, नमस्कार चालला असता. जाऊबाई म्हणाल्या, फोन करायचा होता.